31 मार्चला दिसणारी हमी

नागरी सहकारी बँकेत एखाद्या कंपनीचा कर्जप्रस्ताव येतो तेव्हा सोबतचा वार्षिक अहवाल बहुधा इंग्रजीत असतो. कर्ज उपसमितीपुढे जाणारी टिपणी मात्र बऱ्याच ठिकाणी मराठीत लिहिली जाते. या दोहोंच्या मध्ये कुणीतरी भाषांतर करतं. कधी विश्लेषक स्वतः, कधी बाहेरचा भाषांतरकार. ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक मराठीत आणणं फारसं जड जात नाही, कारण तिथे ठरलेली नावं आणि त्यांच्यासमोर आकडे असतात. खरी कसोटी लागते ती हिशेबांवरील टिपांमध्ये. तिथे आकडे कमी आणि वाक्यं जास्त असतात, आणि जे देणं अजून ताळेबंदात शिरलेलं नाही ते याच वाक्यांत बसलेलं असतं.

असं देणं किती मोठं असू शकतं, याचं उदाहरण दूरसंचार क्षेत्राने दिलं आहे. परवाना शुल्क नेमक्या कोणत्या महसुलावर आकारायचं, यावर कंपन्या आणि केंद्र सरकार यांच्यात वर्षानुवर्षं वाद चालला होता. 24 ऑक्टोबर 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला. तीन आठवड्यांच्या आत व्होडाफोन आयडियाने जुलै ते सप्टेंबर 2019 या एका तिमाहीचा 50,921 कोटी रुपयांचा तोटा जाहीर केला. त्या तिमाहीत धंदा एकाएकी बुडाला नव्हता. वादातलं देणं निकालामुळे हिशेबात आलं होतं.

आपल्याकडच्या बँकांपुढे एवढे आकडे येत नाहीत. म्हणून इथे साखर कारखान्याचंच उदाहरण घेऊ. कारखाना कल्पित आहे आणि आकडे हिशेबाला सोपे पडावेत म्हणून गोल केले आहेत. टिपांमधली वाक्यं मात्र या धंद्यात नेहमी भेटतात तशीच आहेत. खासगी मर्यादित कंपनी, मराठवाड्यातला कारखाना. नेटवर्थ 60 कोटी, बाहेरची एकूण देणी 150 कोटी, वर्षाचा नफा साडेचार कोटी. खेळत्या भांडवलासाठी 15 कोटी मागितले आहेत. बाहेरच्या देण्यांचं नेटवर्थशी प्रमाण अडीच पट येतं. अनेक बँकांच्या कर्जधोरणात ही मर्यादा तीनच्या आसपास असते, म्हणजे वरवर पाहता प्रस्ताव बसतो.

आता टिपा उघडू. पहिलंच शीर्षक असतं 'कंटिंजंट लायबिलिटीज'. मराठीत याला 'संभाव्य देणी' म्हणायची पद्धत पडली आहे, आणि इथे शब्दाशी थोडं थांबावंच लागतं, कारण या शब्दाने अर्थाची पायरीच बदलते. लेखामानक 29 देण्यांच्या तीन पायऱ्या करतं. पैसे जाण्याची शक्यता न जाण्यापेक्षा जास्त असेल आणि रकमेचा विश्वासार्ह अंदाज बांधता येत असेल, तर 'तरतूद' करावी लागते; ती नफ्यातून वजा होते. शक्यता त्याहून कमी आहे पण अगदीच दूरची नाही, अशी देणी फक्त टिपेत दाखवायची. अगदी दूरची असेल तर टिपेतही लिहायची गरज नाही. म्हणजे जे खऱ्या अर्थाने संभाव्य आहे ते तरतुदीत गेलेलं असतं आणि 'संभाव्य देणी' या मथळ्याखाली उरतं ते त्याहून कमी शक्यतेचं. रूढ शब्द बदलावा असं मला वाटत नाही. बँकेत सगळे तोच वापरतात. पण भाषांतराच्या सुरुवातीला या तीन पायऱ्या दोन ओळींत सांगून ठेवायला हव्यात.

मधल्या पायरीला आणखी एक दार आहे, आणि धोका बहुतेक वेळा तिथूनच येतो. देणं नक्की आहे, पण रकमेचा विश्वासार्ह अंदाज बांधता येत नाही, असं कंपनीचं म्हणणं असेल, तरीही ते देणं तरतुदीऐवजी टिपेत बसतं. अशा वेळी टिपेत रकमेच्या जागी 'ठरवता येत नाही' अशा अर्थाचे शब्द असतात. मराठी तक्त्यात उतरवताना त्या जागी आडवी रेघ मारली जाते, आणि पुढे टिपणी टाइप करणारा त्या रेघेचं शून्य करतो. ही चूक सहज होते आणि नंतर पकडणं कठीण जातं, कारण बेरीज कुठेच चुकलेली नसते.

आपल्या कारखान्याच्या टिपेत नेमकं असंच एक कलम आहे: उसाच्या उशिरा दिलेल्या पैशांवरचं व्याज. ऊस नियंत्रण आदेश 1966 प्रमाणे ऊस घातल्यापासून 14 दिवसांत शेतकऱ्याला एफआरपीचे पैसे मिळायला हवेत. उशीर झाला तर त्या काळासाठी द.सा.द.शे. 15 व्याज लागतं. वेगळा लेखी करार असेल तर 14 दिवसांची अट सैल होते, आणि बहुतेक कारखाने त्याच वाटेवर बोट ठेवतात. टिपेतलं इंग्रजी वाक्य साधारण असं असतं: काही हंगामांतील ऊसदरावरील व्याजाबाबत, उत्पादकांनी मागणी केलेली नसल्याने आणि रक्कम ठरवता येत नसल्याने, तरतूद केलेली नाही, व्यवस्थापनाच्या मते यातून कोणतंही महत्त्वाचं देणं उद्भवणार नाही.

हे वाक्य घाईत मराठीत येतं तेव्हा त्याचं होतं: 'ऊसदराच्या व्याजापोटी कंपनीस काही देणे नाही.' एका ओळीत तीन गोष्टी गळाल्या. व्यवस्थापनाचं मत होतं, ते वस्तुस्थिती बनलं. 'महत्त्वाचं देणं नाही' याचं 'देणंच नाही' झालं. आणि तरतूद न करण्याची दोन कारणं गेली, जी तपासून पाहता आली असती. मी असं वाक्य तोडून लिहिण्याच्या बाजूचा आहे: 'उशिरा दिलेल्या ऊसदरावरील व्याजाची तरतूद कंपनीने केलेली नाही. कंपनी दोन कारणे देते: उत्पादकांनी मागणी केलेली नाही, आणि रक्कम ठरवता येत नाही. यातून मोठे देणे येणार नाही, असे व्यवस्थापनाचे मत आहे.' वाक्यं जास्त झाली, पण कोण काय म्हणतंय ते कळतं. इंग्रजी टिपांमध्ये 'व्यवस्थापनाच्या मते', 'मिळालेल्या कायदेशीर सल्ल्यानुसार', 'कंपनीची अशी धारणा आहे' हे तुकडे वाक्याच्या कडेला बसलेले असतात. ते शोभेचे समजून काढून टाकण्याचा मोह होतो. लेखापरीक्षक ते मुद्दाम राहू देतो, कारण मत त्याचं नाही हे त्याला सांगायचं असतं.

भाषांतर असं झालं की विश्लेषक पुढचं काम स्वतः करू शकतो. रक्कम खरोखरच ठरवता येत नाही का? कारखान्याकडून पंधरवड्यांनुसार ऊसबिलाचे तक्ते मागवले, तर कोणत्या पंधरवड्याचे किती पैसे किती उशिराने दिले ते कळतं. समजा 60 कोटी रुपये सरासरी चार महिने उशिरा गेले. 15 टक्क्यांनी चार महिन्यांचं व्याज 3 कोटी. दोन हंगामांत असंच झालं असेल तर 6 कोटी. नफा साडेचार कोटींचा आहे. हे देणं न्यायालयात टिकेल की लेखी करारामुळे सुटेल, हा वकिलाचा प्रश्न. पण 'ठरवता येत नाही' हे उत्तर स्वीकारायचं कारण नाही. साखर आयुक्तांनी थकबाकीसाठी आरआरसी काढली होती का, म्हणजे महसुली वसुलीचा आदेश दिला होता का, हेही विचारावं. आदेश निघाला असेल, तर कुणी मागणी केली नाही हे पहिलं कारण लंगडं पडतं.

पुढचं कलम हमीचं. टिपेत एक ओळ असते: ऊसतोडणी व वाहतूक ठेकेदारांनी बँकांकडून घेतलेल्या कर्जांसाठी कंपनीने दिलेली हमी, 11 कोटी. साखरपट्ट्याबाहेरच्या भाषांतरकाराला यात काही खास वाटणार नाही. मराठवाड्यातल्या विश्लेषकाला मात्र या ओळीमागचा सगळा व्यवहार ठाऊक असतो, आणि भाषांतराने तो त्याला आठवून द्यायला हवा.

तोडणी मजुरांच्या टोळ्या ठरवण्यासाठी मुकादमाला पावसाळ्यातच उचल द्यावी लागते. हे पैसे वाहतूकदार देतो. त्याच्याकडे तेवढी रक्कम नसते, म्हणून त्याच्या नावावर बँकेचं कर्ज निघतं आणि कारखाना हमी देतो. हंगाम सुरू झाला की वाहतूकदाराच्या प्रत्येक पंधरवड्याच्या बिलातून कारखाना ठरलेली रक्कम कापतो आणि बँकेत भरतो. कर्ज जून ते सप्टेंबरमध्ये चढतं, नोव्हेंबरपासून उतरू लागतं आणि गाळप संपेपर्यंत बहुतेक फिटलेलं असायला हवं. आता ताळेबंदाची तारीख पाहा: 31 मार्च. चांगल्या वर्षात ही हमी ज्या सुमारास सगळ्यात कमी असायला हवी, नेमका त्याच दिवसाचा आकडा टिपेत छापला जातो.

त्यामुळे 31 मार्चचे हे 11 कोटी दिसतात तेवढे साधे नाहीत. हंगामापूर्वी 20 कोटी वाटले असतील आणि हंगाम संपताना 11 कोटी शिल्लक असतील, तर निम्म्याहून जास्त वसुली झालेलीच नाही. कुठे टोळी उचल घेऊन आलीच नाही. कुठे पाऊस कमी, म्हणून ऊस कमी, हंगाम लवकर आटोपला, आणि कापायला बिलंच उरली नाहीत. हे पैसे बहुतांशी अडकलेले आहेत. पुढच्या पावसाळ्यात नव्या टोळ्यांसाठी परत 20 कोटी काढले, तर सप्टेंबरअखेर हमी 31 कोटींवर जाईल. ताळेबंदात हा आकडा कधीच दिसणार नाही.

या हमीची आणखी एक गोम आहे. दुष्काळ पडला की वाहतूकदार कर्ज बुडवतो आणि त्याच वर्षी कारखान्याचं गाळपही घटतं. म्हणजे हमी अंगावर येते ती कारखान्याच्या हातात पैसा नसतानाच. इंग्रजी टिपेत हे कुठेही लिहिलेलं नसतं, आणि भाषांतरकाराने ते भाषांतरात घुसडूही नये. मूळ मजकुराच्या खाली, वेगळ्या टाइपात, 'भाषांतरकाराची टीप' म्हणून तारखेबद्दलची एक ओळ पुरते: 'हा आकडा 31 मार्चचा आहे, हंगामापूर्वीचा आकडा टिपेत दिलेला नाही.' हमी मंजूर मर्यादेची आहे की शिल्लक कर्जाची, हेही तिथेच सांगावं. इंग्रजीत दोन्हींसाठी जवळपास सारखीच वाक्यं वापरतात, आणि मराठीत दोन्हींचं सरसकट 'हमी रक्कम' होऊन जातं. हे कर्ज वाहतूकदाराच्या नावावर पण पैसा प्रत्यक्षात कारखान्यानेच वापरलेला, असंही असू शकतं. शेतकऱ्यांच्या नावावर कर्ज काढून कारखान्याने ते वापरल्याची प्रकरणं राज्यात न्यायालयापर्यंत गेली आहेत. म्हणून वाहतूकदारांच्या कर्जखात्यांचे उतारे पाहिल्याशिवाय या ओळीवर विसंबू नये.

याच मथळ्याखाली तिसरी ओळ असायला हवी होती, पण ती नाही. ती सापडते संबंधित पक्षांच्या टिपेत, बारा पानं पुढे: प्रवर्तकांच्याच दुसऱ्या कंपनीच्या आसवनी प्रकल्पासाठी घेतलेल्या कर्जाला आपल्या कारखान्याने हमी दिली आहे, शिल्लक 24 कोटी. एकाच अहवालात एक हमी दोन ठिकाणी यायला हवी. एकाच ठिकाणी आली असेल, तर दुसरीकडे ती का गळाली हे विचारायला हवं. भाषांतरकार पानं क्रमाने उतरवत जातो, त्यामुळे अशी विसंगती आधी त्याच्याच नजरेला पडू शकते. कंपनी कायद्याच्या परिशिष्ट तीनमध्ये संभाव्य देण्यांची तीन खाती ठरवून दिली आहेत: कंपनीने देणं म्हणून न स्वीकारलेले दावे, हमी, आणि इतर. भाषांतरातही तीच तीन खाती त्याच क्रमाने ठेवली, तर हमीच्या खात्यात काय यायला हवं होतं ते चटकन दिसतं.

त्यापुढे 'वचनबद्धता' येते. नव्या यंत्रसामग्रीचे करार झाले आहेत, पण काम आणि पैसे दोन्ही बाकी आहेत, अशी रक्कम तिथे असते. हे देणं वादातलं नाही. ठरलेल्या वेळी रोख बाहेर जाणारच आहे. संभाव्य देण्यांच्या बेरजेत हे मिसळू नये, एवढं सांभाळलं की झालं.

लेखापरीक्षकाचा अहवाल हा टिपांचा भाग नसतो, पण तो सोडून टिपा वाचल्या तर वाचन अर्धवट राहतं. तिथे मराठीच्या वाक्यरचनेचाच एक त्रास आहे. इंग्रजी वाक्य असं चालतं की अमुक बाबीचा परिणाम सोडला तर हिशेब खरं आणि वाजवी चित्र दाखवतात. मराठीत क्रियापद शेवटी येतं. 'ऊसदराच्या व्याजाची तरतूद न केल्याचा परिणाम वगळता, सोबतची वित्तीय पत्रके कंपनीच्या स्थितीचे खरे व वाजवी चित्र दाखवतात.' भाषांतर शब्दाला शब्द बरोबर आहे, पण वाचणाऱ्याच्या कानात शेवटचं 'खरे व वाजवी चित्र दाखवतात' राहतं आणि 'वगळता' विरून जातं. हे मत सशर्त आहे, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. तीच आधी यावी: 'लेखापरीक्षकांनी सशर्त मत दिले आहे. अट अशी: ऊसदराच्या व्याजाची तरतूद केलेली नाही. ही बाब सोडल्यास…' आणि मग पुढचं. लेखापरीक्षक केवळ लक्ष वेधत असेल आणि त्यामुळे आपलं मत बदललेलं नाही असं म्हणत असेल, तर तेही स्पष्ट लिहावं. या दोन्हींना 'लेखापरीक्षकाचे शेरे' असं एकच नाव देणारी भाषांतरं मी पाहिली आहेत. कर्ज उपसमितीतल्या संचालकाला त्यावरून फरक कळायला काही मार्ग राहत नाही.

अहवालाच्या जोडपत्रात, कॅरोच्या तक्त्यात, वादातल्या वैधानिक देण्यांची यादी असते: कोणता कर, कोणत्या वर्षाचा, किती, आणि प्रकरण कुठे अडलं आहे. टिपेतली रक्कम याच्याशी ताडून पाहावी. ती जुळलीच पाहिजे असं नाही, कारण तक्त्यात न भरलेली रक्कम येते आणि टिपेत पूर्ण मागणी असू शकते. पण फरक पडला तर तो कशामुळे, हे सांगता आलं पाहिजे. टिपेखाली बारीक अक्षरात 'व्याज व दंड वगळून' असं असेल, तर ते शब्द आकड्याच्या शेजारीच यावेत. जुन्या वादात व्याजच मूळ करापेक्षा मोठं होऊन बसलेलं असू शकतं. आणि अहवाल दशलक्षांत असेल तर कोटी करताना दहाने भागायचं आहे, हे तक्त्याच्या डोक्यावर एकदा लिहून ठेवलेलं बरं.

एवढं झाल्यावर विश्लेषक आपला हिशेब मांडतो. ऊसदराच्या व्याजाचे 6 कोटी आणि वाहतूकदारांच्या हमीतले अडकलेले 11 कोटी, असे 17 कोटी तो देण्यांत धरतो. बाहेरची देणी 150 वरून 167 कोटी होतात. वाहतूकदारांकडून हे पैसे परत येतील असं धरता येत नाही, म्हणून तेवढेच 17 कोटी नेटवर्थमधूनही जातात. 60 चे 43 कोटी उरतात. अडीच पटींचं प्रमाण जवळजवळ 3.9 पट होतं. यातला सगळ्यात वाईट अंदाज खरा होईलच असं नाही, आणि विश्लेषकाने दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवावेत. आसवनीच्या 24 कोटींचं काय करायचं, हे त्या कंपनीचा ताळेबंद पाहिल्याशिवाय ठरवता येत नाही. ती कंपनी हप्ते वेळेवर भरत असेल तर पूर्ण रक्कम अंगावर घेण्यात अर्थ नाही. ताळेबंद देण्यास प्रवर्तक टाळाटाळ करत असेल, तर मी तरी ती सगळी रक्कम देण्यांत धरीन.

याला मर्यादाही आहे. शक्यता 'अगदी दूरची' ठरवून टिपेतच न आलेलं देणं कोणतंही भाषांतर दाखवू शकत नाही. कंपनीच्या हमींची नोंदवही, इतर बँकांची शिल्लक-पत्रं, कंपनी निबंधकाकडची बोज्यांची नोंद, यांतूनच ते शोधावं लागतं. त्यातही नुसती हमी बोज्याच्या नोंदीत सापडतेच असं नाही. हमीसोबत मालमत्ता तारण दिली असेल तरच बोजा नोंदवला जातो.

आपल्या कारखान्याला कर्ज नाकारायलाच हवं, असं यातून निघत नाही. मर्यादा 15 ऐवजी कमी करता येते, आसवनीच्या हमीवर प्रवर्तकांची वैयक्तिक हमी मागता येते. एक अट मात्र मंजुरीपत्रात घालायलाच हवी, आणि ती बँकेला जवळपास फुकट पडते. तोडणी-वाहतूक कर्जांच्या हमीचं बँकवार विवरण कारखान्याने दर वर्षी दोनदा द्यायचं: एकदा 31 मार्चचं, जे तसंही लेखापरीक्षणात येतं, आणि एकदा 30 सप्टेंबरचं, जेव्हा उचल वाटून झालेली असते आणि कोयता अजून फडात उतरलेला नसतो.